दीपलक्ष्मी ब्राँझची की पितळेची? फोटोत कुठं बघायचं

शनिवार पेठेतला मावशीचा वाडा पाडायचा ठरला आणि माळ्यावरून एक पत्र्याची ट्रंक खाली आली. तिच्यातल्या चार वस्तू मावशीनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर ओळीनं मांडल्या, ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो काढला आणि मला पाठवला. फूटभर उंचीची दीपलक्ष्मी, देवीचा मुखवटा, वीतभर लांबीचा सोनेरी घोडा आणि बोटभर उंचीचा, नाकडोळे झिजलेला भैरव. खाली मेसेज होता, "जुन्या वस्तू घेणारा येऊन गेला. म्हणतो, सगळं ब्राँझ आहे. खरं का गं?"

जुन्या वस्तूंच्या नोंदी करणं हे माझं रोजचं काम असल्यामुळे असे फोटो मला सतत येतात. मावशीच्या त्या पहिल्या फोटोत चारही वस्तू एकाच करपट तपकिरी रंगाच्या दिसत होत्या. शेवटी त्यातली एकच ब्राँझची असू शकते असं ठरलं, आणि तेही खात्रीनं नाही. कसं ते सांगते.

आधी धातूंची ओळख. तांब्यात जस्त मिसळलं की पितळ आणि कथील मिसळलं की कांसं, म्हणजेच ब्राँझ. पण ब्राँझ म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येते ती पायाला तूप चोळायची काशाची वाटी, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्या वाटीत कथील भरपूर असतं, शंभरात वीस-बावीस भाग. म्हणून ती फिकट पिवळी दिसते, खणखणीत वाजते आणि हातातून फरशीवर पडली तर तडकते. मूर्ती ओतायच्या ब्राँझमध्ये कथील बहुधा पाच ते दहा भागच असतं. ते ब्राँझ लालसर, तपकिरीकडे झुकणाऱ्या सोन्यासारखं दिसतं. पितळेचंही असंच आहे. जस्त तीस-पस्तीस भाग असेल तर आपल्या ओळखीचा, किंचित हिरवट झाक असलेला लिंबासारखा पिवळा रंग येतो. जस्त दहा-पंधरा भागच असेल तर पितळही लालसर सोनेरी दिसतं, थेट ब्राँझसारखं. म्हणजे लख्ख पिवळं दिसलं तर पितळ म्हणायला हरकत नाही, गुलाबी-लाल दिसलं तर तांब्याचा संशय घ्यावा, पण मधल्या लालसर सोनेरी पट्ट्यात नुसत्या रंगावरून निकाल देता येत नाही. त्यात जुने ओतारी मोडीची भांडी वितळवून वापरत. त्यामुळे एकाच मूर्तीत कथील, जस्त आणि शिसं तिन्ही सापडणं अगदी नेहमीचं.

हे सगळं उघड्या, स्वच्छ धातूबद्दल झालं. मावशीच्या फोटोत उघडा धातू दिसतच नव्हता, आणि जो दिसत होता त्याच्यावर ट्यूबलाइटचा निळसर आणि ओट्याच्या ग्रॅनाइटचा काळा रंग पडला होता. चकचकीत धातू म्हणजे अर्धा आरसा, समोर जे असेल त्याचा रंग तो घेतो. शिवाय मोबाइल आपल्या मनानं फोटोचा रंग सुधारतो. चौकटीत सगळंच पिवळं असेल तर तो पिवळेपणा कमी करतो आणि पितळ फिकट कांस्यासारखं दिसायला लागतं. म्हणून मावशीला सांगितलं, वस्तू खिडकीपाशी सावलीत ठेव, ऊन नको, फ्लॅश नको, आणि शेजारी एक कोरा पांढरा कागद फोटोत येईल असा धर. कागद फोटोत पांढराच दिसला तर बाकीच्या रंगांवर थोडाफार भरवसा ठेवता येतो. पूर्ण वस्तूचा एक फोटो झाला की जिथे हात लागून झीज झाली आहे तिथला, खाचेतला, पाठीमागचा आणि बुडाचा असे चार जवळचे फोटो हवेत. "आणि मावशी, काहीही झालं तरी घासू नकोस."

"अगं, पण किती काळं झालंय!" मावशी म्हणाली. हा धागा पुढे परत येणार आहे.

दुसऱ्या दिवशी फोटो आले आणि घोडा लगेच बाद झाला. त्याच्या पाठीवरची चमक पसरट होती, बारीक दाण्यांची, कुठे ठळक प्रतिबिंब नाही. घासल्या गेलेल्या धातूवर खिडकी पडली तर तिची कड थोडी तरी रेखीव दिसते, आणि चमकीचा रंगही धातूचाच असतो, म्हणजे पितळेवर पिवळसर, तांब्यावर लालसर. माती, रंग किंवा वार्निश यांच्यावरची चमक मात्र उजेडाच्याच रंगाची, पांढरी येते. या खुणेला दोन मर्यादा आहेत. फोटो जास्त उजळला असेल तर कुठलीही चमक पांढरीच होते, म्हणून चमकीचा मधला भाग सोडून तिची कड बघायची. आणि धातूवर काजळी, मेण किंवा जुना थर जाड असेल तर धातूही मातीसारखा वागतो.

घोड्याचा डावा कान मात्र तुटला होता, आणि तुटलेली कड म्हणजे सगळ्यात प्रामाणिक साक्षीदार. बाहेरून विटकरी आणि मधोमध राखाडी पट्टा. मातीत मिसळलेला भुसा किंवा शेण आतपर्यंत पुरतं जळलं नाही की असा पट्टा राहतो, ती भाजलेल्या मातीची सही म्हणायची. पोटाखाली करंगळीएवढं भोक होतं. घोडा आतून पोकळ होता आणि भट्टीत आतली वाफ बाहेर पडायला वाट ठेवली नाही तर माती फुटते. पाय जाडजूड, बुडाशी रुंद, आणि पाय पोटाला चिकटवले तिथे अंगठ्यानं दाबल्याचे खळगे. धातूत पाय काडीसारखे बारीक ठेवता येतात आणि बोटं अधांतरी सोडता येतात. मातीत तसं केलं तर ती भट्टीपर्यंतही पोचत नाहीत, म्हणून मातीच्या मूर्तीचे हात बहुतेक वेळा अंगाला चिकटलेले असतात. आता त्या माणसाला घोडा ब्राँझचा का वाटला? कारण त्याला कुणीतरी कधीकाळी सोनेरी रंग दिला होता. या रंगातली पूड पितळेसारख्या धातूचीच असते, ती वर्षानुवर्षांत काळवंडते, कुठे हिरवटही होते, आणि मग रंगच पाटिना, म्हणजे जुन्या धातूवर आपोआप चढणारा थर, असल्याचं सोंग घेतो. अशा रंगाखाली टवका उडून विटकरी दिसलं तर माती आणि पांढरं दिसलं तर प्लास्टर किंवा तसलंच काही.

मुखवट्यासाठी पाठीमागचा एक फोटो पुरला. समोर नाक उठावदार, तर मागे त्याच जागी तेवढाच खोलगट खळगा. म्हणजे हा पत्रा आहे, राळेवर ठेवून आतून ठोकून उठाव काढलेला. जाडी सगळीकडे सारखी, कड मागे वळवून दुमडलेली, आणि खळग्यांत हातोडीचे छोटे गोल ठसे. कसब्यातल्या तांबट आळीतून कधी गेला असाल तर तिथला ठोक्यांचा आवाज कानात असेल. ठोके शेजारीशेजारी बसवून पत्र्याला जे खवल्यांसारखं रूप देतात त्याला तांबट मठारकाम म्हणतात. ओतलेल्या वस्तूच्या पाठीला हे ठसे नसतात.

तांब्याच्या वस्तू इतक्या वेळा ठोकीव का असतात, याला कारण आहे. शुद्ध तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, आणि वितळलेलं तांबं वायू शोषून घेतं. थंड होताना तो बाहेर पडतो आणि ओतीव वस्तूला आतबाहेर सुईची भोकं पडतात. कथील किंवा जस्त मिसळलं की ते कमी तापमानाला वितळतं आणि साच्याच्या कानाकोपऱ्यांत नीट शिरतं. उलट ठोकायला मऊ तांब्यासारखा धातू नाही. तरी हा नियम नव्हे. नेपाळमधल्या कितीतरी जुन्या मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याच्या आणि ओतीव आहेत, वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या. त्यामुळे ओतीव दिसली म्हणून तांबं नाहीच, असं म्हणू नये.

मुखवट्याचा थर चॉकलेटी-काळा होता आणि नाकाच्या शेंड्यावर, जिथे वर्षानुवर्षं कुंकू लावलं-पुसलं गेलं, तिथे धातू गुलाबी-लाल उघडा पडला होता. म्हणून तांबं. तरी मी मावशीला विचारलं, "हा कधी चिंचेनं घासलाय का?" कारण या गुलाबीवर मी एकदा सपशेल फसले आहे. एका घरच्या बाळकृष्णाची नोंद मी फोटोवरून 'तांबे' अशी केली होती. नंतर मूर्ती हातात आली, बुडाच्या ओरखड्यातून पिवळंधमक पितळ दिसलं. आंबटात पितळेच्या पृष्ठभागावरचं जस्त आधी निघून जातं आणि वर तांब्याचा पातळ गुलाबी थर उरतो. फोटोत तो तांब्यासारखाच दिसतो. फरक एवढाच की तो डागांचा असतो, कुठे गुलाबी कुठे पिवळा, आणि ओरखड्याखाली टिकत नाही. मुखवट्याच्या दुमडलेल्या कडेला एक जुना ओरखडा होता, तोही आतपर्यंत लालच. तेव्हा तांबं कायम.

आता दीपलक्ष्मी. घेणाऱ्याचा सगळा डोळा हिच्यावर होता, "दोनशे वर्षांचं ब्राँझ" म्हणे. अंग काळपट तपकिरी आणि निऱ्यांच्या खाचांत हिरवंगार. हिरवं म्हणजे जुनं, हा समज इतका पक्का आहे की तो मोडायला जरा वेळ घालवते.

तांबं असलेला कुठलाही धातू हिरवा होतो, ब्राँझ असो, पितळ असो की तांबं. त्यामुळे हिरव्या रंगावरून धातू कळत नाही. वयही कळत नाही, कारण हिरवं एकाच प्रकारचं नसतं. जमिनीत शेकडो वर्षं पुरलेल्या वस्तूवर जे येतं ते दगडासारखं कठीण, धातूला घट्ट धरून बसलेलं असतं, आणि टवका उडाला तर त्याच्याखाली लालसर तपकिरी थर दिसतो. धातूवर आधी लाल, त्याच्यावर हिरवं, असे थर नैसर्गिकपणे चढतात. उघड्यावरच्या पुतळ्यांची गोष्ट वेगळी. विनायकराव करमरकरांनी घडवलेला १९२८ सालचा पुण्यातला अश्वारूढ शिवछत्रपतींचा पुतळा ब्राँझचा आहे. असे पुतळे वर्षानुवर्षं राखले नाहीत तर पाऊस जिथे धुतो तिथे फिकट हिरवे ओघळ येतात आणि पोटाखाली, काखेत, जिथे पाणी पोचत नाही तिथे काळी खरपुडी राहते. म्हणजे हिरव्या-काळ्याच्या मांडणीत पावसाची वाट दिसते. रसायन फासून केलेल्या हिरव्याला अशी वाट नसते. ते बहुधा सगळ्या खाचांत सारखं भरलेलं असतं, कुंचल्याचे फराटे किंवा थिजलेले थेंब दाखवतं, आणि खरवडलं की खाली लाल थर न येता थेट ताजा चकचकीत धातू येतो.

दीपलक्ष्मीच्या निऱ्यांतलं हिरवं यातलं कुठलंच नव्हतं. ते मेणचट होतं, निळसर झाक असलेलं, आणि नेमकं हातातल्या पणतीच्या खाली, जिथून तेल ओघळतं तिथेच. घरातली समई महिनाभर न घासता ठेवून बघा, तळाशी हाच कळंक सापडेल. तेलातली आम्लं तांब्याला खातात आणि हा हिरवा चिकट साबणासारखा पदार्थ बनतो. त्याला दोनशे वर्षं लागत नाहीत, एखादा पावसाळा पुरतो.

हिरवं बाजूला सारलं आणि झिजलेल्या जागा बघितल्या. पणतीची कड आणि पावलांचे अंगठे उघडे पडले होते, आणि पांढऱ्या कागदाशेजारी त्यांचा रंग स्पष्ट लिंबासारखा पिवळा होता. इथेच पितळ म्हणता आलं असतं. पण ओतकामाच्या खुणांनी आणखी काही सांगितलं. मावशीला मी बाजूनं टॉर्च धरायला लावला, कारण समोरून प्रकाश पडला की बारीक उंचवटे फोटोत मरतात, तिरप्या प्रकाशात त्यांना सावली पडते. तशा फोटोत काखेपासून कमरेपर्यंत एक केसासारखी उंच रेघ दिसली. बाहेरच्या बाजूनं ती कानशीनं घासून सपाट केली होती, हाताच्या आतल्या बाजूला कानस पोचली नाही म्हणून तशीच राहिली. ही साच्याच्या दोन भागांमधली फट. दोन पेट्यांत वाळू ठासून, मधे नमुना दाबून साचा करतात, आणि पेट्या जिथे मिळतात तिथे धातू किंचित बाहेर येतो. पितळेचं बरंच घरगुती ओतकाम असंच होतं. वाळूचा दाणाही बुडाला उमटलेला होता, बारीक रव्यासारखा. बैठकीच्या खाली एकात एक अशा गोल रेघा होत्या, म्हणजे बैठक लेथवर धरून कातलेली. आणि बाई बैठकीला पेचानं बसवली होती, पेचाचे आटे यंत्रावर पाडलेले, एकसारखे. एवढं बघितल्यावर पितळ तर नक्कीच, आणि दोनशे वर्षांची गोष्ट सोडूनच द्या. सुंदर आहे, हे मात्र खरं. केळकर संग्रहालयातले दिवे ज्यांनी निवांत बघितलेत त्यांना कळेल की दिवा सुंदर असायला ब्राँझच लागतं असं काही नाही.

उरला भैरव, ज्याच्याकडे घेणाऱ्यानं ढुंकूनही पाहिलं नव्हतं. मला तोच सगळ्यात जास्त आवडला.

टॉर्चच्या तिरप्या प्रकाशातही त्याच्यावर साच्याची रेघ कुठेच सापडली नाही. हात आणि अंग यांच्यामधून आरपार उजेड दिसत होता, त्रिशूळ खांद्यामागे वळलेला. असा आकार दोन पेट्यांच्या वाळूच्या साच्यातून नमुना न अडकता निघणं कठीण. म्हणजे मेणाची रीत. आधी मूर्ती मेणाची करतात, तिच्यावर मातीचे थर देतात, तापवून मेण बाहेर काढतात आणि रिकाम्या जागेत धातू ओततात. तांब्याच्या मिश्रणांचं वजन मेणाच्या साधारण नऊपट भरतं, म्हणून ओतारी आधी मेण तोलून मग किती धातू वितळवायचा ते ठरवतो. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे जोडाची रेघ राहत नाही. राहतात त्या मेणाच्या खुणा. भैरवाच्या गळ्यातली माळ आणि कमरपट्टा कोरलेला नव्हता, मेणाच्या शेवयांसारख्या वळ्या करून वरून चिकटवलेला होता, एका वळीचं टोक तर दुसरीवर चढलेलंही दिसत होतं. पाठ सपाट, अनगड. आणि बैठकीच्या खाली एक छोटा कापलेला खुंट होता, धातू आत ओतायच्या वाटेचा उरलेला.

रंग मात्र नेमका त्या अडचणीच्या पट्ट्यातला. गुडघा आणि पोट, जिथे पूजेतल्या बोटांनी झीज झाली होती, तिथे लालसर सोनेरी. खाचांत गडद तपकिरी, तिच्यावर कुंकवाचा आणि तेलाचा थर. ब्राँझ असू शकतं, कमी जस्ताचं पितळही असू शकतं, मोडीतून केलेली सरमिसळही असू शकते. ओतण्याची रीतही इथे मदत करत नाही, कारण मेणाच्या रीतीनं पितळही ओततात. हिमालयाकडच्या कितीतरी प्रसिद्ध 'ब्राँझ' मूर्ती तपासल्यावर पितळेच्या निघाल्या आहेत, उलट चोळ काळातल्या दक्षिणेतल्या मूर्ती खरोखर कथीलवाल्या. म्हणूनच संग्रहालयांच्या नोंदींत हल्ली नुसतं 'ताम्रमिश्र धातू' लिहायची पद्धत आहे. मीही मावशीला तेच कळवलं.

"म्हणजे ठाऊक नाही असंच ना?" मावशी.

फोटोवरून नाहीच. कळायचं असेल तर धातूवर क्ष-किरण टाकून त्यातले घटक मोजावे लागतात. लक्ष्मी रोडवरच्या सराफांकडे सोन्याचा कस बघायचं यंत्र असतं ते याच तत्त्वावर चालतं, फक्त ते सोन्यासाठी बेतलेलं असतं, त्यामुळे त्याच्या आकड्यांवर पितळ-ब्राँझचा निकाल लावू नये. धातूंसाठी बेतलेलं यंत्र मिळालं तरी ते वरचा पातळ थरच वाचतं. थर काळवंडलेला असेल किंवा चिंचेनं जस्त निघून गेलं असेल तर आकडा खोटा येतो, तेव्हा झिजून उघड्या पडलेल्या गुडघ्यावरच मोजायला सांग, असं मी मावशीला लिहून पाठवलं.

रविवारी सकाळी नवा फोटो आला. पांढरा कागद शेजारी, सावलीत काढलेला, अगदी सांगितल्याप्रमाणे. मुखवटा, दीपलक्ष्मी आणि भैरव तिघंही लख्ख, शेजारी चिंचेच्या चोथ्याची वाटी. भैरवाचं पोट आता गुलाबी दिसत होतं. खाली मावशीनं लिहिलं होतं, "आता तरी नीट दिसतंय का बघ."